आउटडोअरची थरथर भिंतीत: मऊ पॅड टाकल्यावर हादरा वाढतो तेव्हा

मार्च सुरू झाला की नाशिकमध्ये महिनोन्‌महिने बंद असलेले एसी चालू होतात, आणि पाठोपाठ एक तक्रार हमखास येते. खिडकी बंद केली तरी भिंतीतून काहीतरी घुमतंय. हवेतून येणारा आवाज खिडकी लावली की कमी होतो. भिंतीतून येणारा मात्र खिडकी लावल्यावर जास्त जाणवतो, कारण तो झाकणारे बाकीचे आवाज गेलेले असतात. आउटडोअर ज्या भिंतीवर टांगलाय तिच्या आतल्या बाजूला तळहात ठेवला की फरक लगेच कळतो.

या तक्रारीवर मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं: "पॅड गेलेत, नवीन टाका." पॅड म्हणजे आउटडोअरच्या पायांखालचे रबराचे तुकडे. हे उत्तर निम्म्या वेळा बरोबर असतं. उरलेल्या निम्म्या वेळा नवीन पॅडने एक त्रास जातो आणि दुसरा सुरू होतो. असं का होतं हे समजायला इंदिरानगरमधल्या एका फ्लॅटची गोष्ट उपयोगी आहे. तिथे पॅड, स्टँडचे बोल्ट आणि पंख्याची पाती असे तिन्ही विषय एकाच भिंतीवर जमले होते.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दीड टनाचा, इन्व्हर्टर नसलेला जुना एसी. आउटडोअरचं वजन ३६ किलोच्या आसपास, लोखंडी स्टँडवर, आणि स्टँड बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला. काकूंची तक्रार होती की रात्री उशीपाशी "हूंऽऽ" असं घुमतं. एसीवाल्याने जुने कडक झालेले पॅड काढून चांगले मऊ पॅड टाकले. दोन दिवसांनी काकूंनी त्याला पुन्हा बोलावलं.

"अरे, घुमणं गेलं. पण आता कपाटाचा आरसा थरथरतोय. मधूनमधून खडखड पण वाजतं."

"काकू, याहून मऊ पॅड बाजारात मिळत नाही. भिंतच हलकी आहे तुमची."

भिंत हलकी होती हे खरं. पण आरसा पूर्वी थरथरत नव्हता, आणि भिंत तर तीच होती.

आत काय काय फिरतं

आउटडोअरमध्ये हादरा देणाऱ्या दोन वस्तू आहेत. एक कॉम्प्रेसर, दुसरा पंखा. दोघांचा वेग खूप वेगळा असतो, आणि पुढचं सगळं या फरकावर अवलंबून आहे.

इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला साधारण २,८५० ते २,९०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ४८ च्या जवळपास. काकूंना ऐकू येणारं "हूं" मुख्यतः याचं आणि याच्या पटींचं होतं. पंखा त्यामानाने सावकाश फिरतो. मिनिटाला ८५० फेरे धरले तर सेकंदाला फक्त १४. चौदाचा सूर कानाला नीट ऐकूच येत नाही. तो हाताला जाणवतो, आरसा हलवतो, पलंगाच्या मागच्या फळीला थरथरवतो. त्यामुळे "घुमतंय" आणि "थरथरतंय" या दोन तक्रारी बहुतेक वेळा वेगवेगळ्या यंत्रांच्या असतात. काकूंनी दोन्हींना वेगळे शब्द वापरले, तिथेच अर्धं निदान झालं होतं.

दोघांना वेगळं करायची एक सोपी चाचणी आहे. खोलीत भिंतीला हात लावून उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी एसी बंद करायला सांगायचं. कॉम्प्रेसर एक झटका देऊन एक-दोन सेकंदांत थांबतो. पंखा मात्र वीज गेल्यावरही थोडा वेळ आपल्या वेगात फिरत राहून हळूहळू मंदावतो. भिंतीतलं घुमणं झटक्यासरशी संपलं तर ते कॉम्प्रेसरचं. थरथर पुढे चालू राहिली, मंदावताना मध्येच एकदा वाढली आणि मग विरली, तर ती पंख्याची. शेवटचा झटका मात्र प्रत्येक आउटडोअर देतो, तो दोष धरायचा नाही.

ज्यांना आकडा बघायचा असेल त्यांना मोबाइल पुरतो. जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्रविद्यापीठाचं `phyphox` हे मोफत अ‍ॅप फोनच्या आतल्या सेन्सरवरून हादऱ्याचा आलेख काढतं. फोन दुहेरी टेपने भिंतीला घट्ट चिकटवायचा आणि प्रवेगाचा स्पेक्ट्रम घ्यायचा, म्हणजे कोणत्या वेगाचा हादरा किती आहे हे दाखवणारा आलेख. नवीन पॅडनंतर काकूंच्या भिंतीवर ४८ जवळचं शिखर जेमतेम दिसत होतं आणि १४ जवळचं सगळ्यांत उंच होतं. एक अडचण लक्षात ठेवावी लागते. काही फोनचा सेन्सर सेकंदाला शंभरच्या आसपासच नोंदी घेतो, आणि अशा फोनला ५० च्या वरचं काहीच धड दिसत नाही. तेव्हा १०० च्या आसपासचं विजेचं गुणगुणणं आलेखात नाही म्हणून भिंतीतही नाही, असं धरायचं नाही.

पॅड नेमकं काय करतं

रबर हादरा "शोषून घेतं" असं आपण सहज म्हणतो. थोडा शोषतंही, पण पॅडचं खरं काम स्प्रिंगचं आहे. वर आउटडोअरचं वजन, खाली रबराची स्प्रिंग. ही जोडी ढकलून सोडली तर ती आपल्या एका ठरावीक गतीने खाली-वर होते. झोक्यालाही अशी स्वतःची गती असते. त्या गतीला धरून हलके धक्के दिले तर झोका चढत जातो, आणि त्याहून खूप भरभर धक्के दिले तर जागचा फारसा हलत नाही. पॅड हेच करतं. हादरा पॅडच्या स्वतःच्या गतीपेक्षा बराच वेगवान असेल तर तो वरच अडकतो. तेवढ्याच गतीचा असेल तर वाढून खाली उतरतो. खूप सावकाश असेल तर पॅड नसल्यासारखा सरळ भिंतीत जातो.

पॅडची स्वतःची गती काढायला प्रयोगशाळा लागत नाही. वजनाखाली पॅड किती मिलिमीटर दबतं एवढं मोजलं की झालं.

`f = 15.8 / √d`

इथे `d` म्हणजे दाबलं जाणं, मिलिमीटरमध्ये, आणि `f` म्हणजे सेकंदाला किती वेळा. पॅडची जाडी वजन ठेवण्याआधी आणि ठेवल्यावर पट्टीने किंवा व्हर्नियरने मोजायची, फरक हा `d`. यंत्राचा हादरा या `f` च्या साधारण १.४ पट झाल्यावरच पॅड कामाला लागतं. तिप्पट झाला तर आठवा हिस्साच खाली जातो.

आता काकूंचं गणित. जुने पॅड आठ मिलिमीटर जाड, उन्हाने दगडासारखे झालेले, वजनाखाली जेमतेम पाव मिलिमीटर दबलेले. त्यांची गती येते सुमारे ३२. कॉम्प्रेसरचे ४८ त्याच्या दीडपट, म्हणजे पॅड कसंबसं कामाच्या उंबरठ्यावर. तीन-चतुर्थांशाहून अधिक हादरा भिंतीत उतरत होता. पंख्याचे १४ तर ३२ च्या खूप खाली, तेही जवळपास जसेच्या तसे जात होते, पण फारसे वाढत नव्हते. नवीन मऊ पॅड सुमारे सव्वा मिलिमीटर दबले. त्यांची गती आली १४ च्या आसपास. कॉम्प्रेसरचे ४८ आता तिपटीहून जास्त, त्यामुळे त्याचा फक्त दहावा हिस्सा खाली पोचला आणि घुमणं गेलं. आणि पंख्याचे १४ पॅडच्या १४ वर तंतोतंत येऊन बसले.

एसीवाल्याने पॅड चुकीचे टाकले असं म्हणणं तितकंसं न्याय्य नाही. कॉम्प्रेसरसाठी ते छानच होते. पण पंखा आधीपासून हेलकावत होता, आणि मऊ पॅडने त्याला मोठं केलं.

कागदावरच्या या आकड्यांवर फार रेलून बसू नये. रबर थरथरताना नुसत्या वजनाखालच्यापेक्षा थोडं कडक वागतं, त्यामुळे खरी गती सूत्राहून काहीशी जास्त निघते. शिवाय सूत्रात भिंत आणि स्टँड अजिबात हलत नाहीत असं धरलेलं असतं. पण कोणत्या पॅडने काय होईल याची दिशा त्यातून नक्की कळते.

मग आणखी मऊ पॅड का नाही? पंख्याचे १४ अडवायचे तर पॅडची गती सातपर्यंत खाली आणावी लागेल, म्हणजे पाच मिलिमीटर दबणारं काहीतरी. तेवढं मऊ ठेवलं की भिंतीवर टांगलेला आउटडोअर सुरू होताना आणि बंद होताना झुलतो. त्याचा ताण तांब्याच्या पाइपवर येतो आणि फ्लेअर नटपाशी गॅस गळायला लागतो. म्हणून पंख्याचा दोष पॅडने झाकायचा नसतो. तो पंख्यावरच काढायचा असतो.

पंख्यावर काय सापडलं

नाशिकला जूनमध्ये पाऊस लागला की बहुतेक घरांतले एसी बंद होतात आणि मार्चपर्यंत तसेच राहतात. इतका काळ न हलणारी, पावसापासून आडोशाला असलेली पाती ही मातीचं घर बांधणाऱ्या माशीला आयती जागा. जाळीतून आत बॅटरी मारली तेव्हा एका पात्याच्या मागच्या बाजूला, टोकाजवळ, बोटाच्या पेराएवढं मातीचं घर दिसलं. वाळलेलं, घट्ट, अंदाजे दहा ग्रॅम.

दहा ग्रॅमचं काय एवढं, असं वाटेल. पंख्याच्या मध्यापासून २०० मिलिमीटरवर बसलेले दहा ग्रॅम ८५० फेऱ्यांना बाहेरच्या दिशेने सुमारे १६ न्यूटनने ओढतात, म्हणजे दीड किलोहून जास्त. ही ओढ सेकंदाला १४ वेळा गोल फिरते: वर, बाजूला, खाली, दुसऱ्या बाजूला. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते, म्हणून तोच पंखा मंद असताना गप्प आणि जोरात असताना बेचैन असतो.

माती खरवडून काढणं हे पहिलं काम, पण फक्त त्या पात्याची नाही. पात्यांच्या पुढच्या कडेला धूळ-तेलाचा थर असतो. तो तिन्ही पात्यांवर सारखा असेल तर तोल बिघडत नाही. सर्व्हिसिंगवाला जाळीतून पाण्याचा फवारा मारतो तेव्हा समोर येणारं एखादं पातं धुतलं जातं आणि बाकीची तशीच राहतात, मग सर्व्हिसिंगनंतर थरथर सुरू होते. "धुतल्यावर बिघडला" ही तक्रार ऐकली की मी आधी पाती बघतो.

काम सुरू करण्यापूर्वी एमसीबी पाडायचा, रिमोटने बंद करून भागत नाही. कपॅसिटरमधला चार्ज उतरायला काही मिनिटं द्यायची. आणि तिसऱ्या मजल्यावर खिडकीतून वाकून काहीही करायचं नाही. ते पट्टा लावलेल्या माणसाचं काम.

पाती स्वच्छ झाल्यावर पंखा हाताने फिरवून प्रत्येक पात्याचं टोक भोवतीच्या गोल कड्यापासून आणि पुढच्या जाळीपासून किती अंतरावर जातं ते बघायचं. तिन्हींत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर एखादं पातं वाकलंय किंवा मधल्या बुशाला तडा गेलाय. असा पंखा दुरुस्त करण्यात अर्थ नाही, बदलावा. पंखा धरून पुढे-मागे आणि वर-खाली हलवून बघायचा. मोटरच्या दांड्यात खडखड खेळ असेल तर दोष बेअरिंगचा आहे, पात्याचा तोल कितीही साधला तरी तो जाणार नाही.

हे सगळं ठीक असूनही थरथर राहिली तरच तोल साधायचा. पंख्याचा मधला नट बऱ्याच आउटडोअरमध्ये उलट्या आट्यांचा असतो, त्यामुळे तो सुटत नसेल तर जोर लावण्याआधी मोटरच्या दांड्यावर किंवा पंख्याच्या मध्यावर बाणाची खूण आहे का ते बघावं. पंखा काढून मधल्या भोकातून गुळगुळीत सळई घालायची आणि सळईची दोन टोकं समपातळीतल्या दोन कडांवर टेकवायची. जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. दोन-तीनदा फिरवून दर वेळी तीच जागा खाली आली की विरुद्ध बाजूला मळलेल्या कणकेचा किंवा मेणाचा गोळा लावत जायचं. पंखा कुठेही सोडला तरी तिथेच थांबायला लागला की तो गोळा तोलायचा आणि तेवढंच पक्कं वजन त्याच जागी बसवायचं. टायरवाल्याकडे चाकाच्या तोलासाठी चिकट पट्टीवर पाच-पाच ग्रॅमची वजनं मिळतात, ती यासाठी उत्तम. नुसत्या चिकटपट्टीवर विसंबू नये, वरून एपॉक्सी लावावं. पात्यावर कारखान्याने लावलेली पोलादी क्लिप असेल तर ती कचरा समजून काढायची नाही, ती तोलासाठीच असते. आणि पंधरा-वीस ग्रॅम लावूनही तोल येत नसेल तर पंखा मुळातच वाकडा आहे.

काकूंच्या पंख्याला वजन लावायची वेळ आली नाही. माती निघाली, तिन्ही पाती धुतली, आणि आलेखातलं १४ जवळचं शिखर पार खाली आलं. आरसा थांबला. खडखड मात्र राहिली.

स्टँडचे बोल्ट

खडखडीचा माग वेगळ्या पद्धतीने काढतात. आउटडोअर चालू असताना स्टँडच्या उभ्या अँगलला एक बोट आणि शेजारच्या भिंतीला दुसरं बोट लावायचं, बाहेरून काम करणाऱ्यानेच. दोन्ही सारखीच थरथरत असतील तर जोड घट्ट आहे. अँगल जास्त आणि भिंत कमी थरथरत असेल तर मधे काहीतरी सुटलंय. इथे डाव्या स्टँडचा वरचा बोल्ट बोटाखाली गुदगुल्या करत होता आणि त्याच्याखाली भिंतीवर पांढऱ्या भुकटीची रेघ ओघळली होती.

ढिला बोल्ट हादरा निर्माण करत नाही, पण त्याचं रूप बदलतो. घट्ट जोडातून चौदाचा हादरा चौदाचाच जातो. ढिल्या जोडात लोखंड दर वेळी थोडं सुटतं आणि पुन्हा आपटतं, त्यातून अनेक पटींचे बारीक, टोकदार आवाज तयार होतात. कान त्यांना खूप तिखट असतो. म्हणून हादरा थोडासा असला तरी खडखड मोठी वाटते. याची दुसरी बाजू अशी की बोल्ट आवळल्यावर खडखड जाते आणि शुद्ध घुमणं कधीकधी थोडं वाढल्यासारखं वाटतं. तो भास नाही, जोड आता पूर्ण हादरा पोचवतोय. म्हणूनच बोल्ट आधी आणि पॅडचा निकाल नंतर, हा क्रम मला बरा वाटतो.

एसीवाल्याने १७ चा पाना लावला, नट फिरतच राहिला. याचा अर्थ बोल्ट ढिला नव्हता, भोक ढिलं होतं. तिथे कितीही आवळलं तरी उपयोग नसतो.

असं का झालं? स्टँडचे वरचे दोन बोल्ट भिंतीतून उपटले जाण्याच्या दिशेने ओढले जातात. ३६ किलोचा आउटडोअर आणि स्टँड मिळून ४० किलो धरा. वजनाचा मध्य भिंतीपासून २८ सेंटिमीटर, आणि वरच्या-खालच्या बोल्टमधलं उभं अंतर ३५ सेंटिमीटर. ४० गुणिले २८ भागिले ३५, म्हणजे वरच्या दोघांवर मिळून ३२ किलोची ओढ. एका बोल्टला सोळा किलो. चांगल्या काँक्रीटमध्ये हे काहीच नाही. पण नव्या इमारतींच्या बाहेरच्या भिंती बऱ्याचदा एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या असतात, वर दोनेक सेंटिमीटर प्लास्टर. पसरणारा लोखंडी फास्टनर अशा भिंतीत ठोकला तर तो प्लास्टरला आणि ब्लॉकच्या ठिसूळ कडेला धरतो. आणि हॅमर मोडवर ड्रिल मारलं असेल तर भोक आधीच मोठं आणि कडा फुटलेल्या असतात. सोळा किलोची ओढ पहिल्या दिवशी तो सहज पेलतो. सेकंदाला १४ वेळा हलणारी सोळा किलोची ओढ दोन उन्हाळ्यांत भोकाची भुकटी करते.

उपाय भिंतीप्रमाणे ठरतो. बीम किंवा कॉलम हाताशी असेल तर स्टँड तिकडे सरकवणं सगळ्यांत चांगलं. जड काँक्रीट हलवायला अवघड, त्यामुळे बोल्टही टिकतो आणि हादराही कमी पसरतो. ते शक्य नसेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोक साफ करून त्यात रेझिन भरायचं आणि थ्रेडेड रॉड बसवायचा. किंवा आरपार बोल्ट, आतल्या बाजूला हातभर नको पण तळहाताएवढी लोखंडी पट्टी देऊन. काकूंकडे बीम वर अर्ध्या फुटावरच होता. स्टँड तिकडे नेला.

इथे एक उलटसुलट चूक खूप होते, ती सांगायला हवी. स्टँड आणि भिंत यांचा जोड पूर्ण घट्ट हवा, मधे रबर नको. रबर घातलं की बोल्टचा दाब कालांतराने उतरतो आणि टांगलेलं वजन ढिलं होतं. आउटडोअरचा पाय आणि स्टँड यांचा जोड मात्र पूर्ण घट्ट नकोच. तिथे पाना जिवाच्या आकांताने आवळला की रबर चपटं होतं आणि हादरा पॅडला वळसा घालून बोल्टच्या लोखंडातून खाली उतरतो. मग पॅड कितीही महाग असो. पायाच्या वर रबराचा वायसर, त्यावर मोठा लोखंडी वायसर, मग नट. वरचं रबर टेकल्यावर फार तर एक फेरा, आणि तो तिथेच राहावा म्हणून दुसरा नट. पायाच्या भोकात बोल्ट धातूला घासू नये म्हणून रबरी नळीचा छोटा तुकडा.

काम झाल्यावर नट, वायसर आणि अँगल यांवरून मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवायची. महिन्याने रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय.

शेवटी कुठलं पॅड

पंखा आणि बोल्ट मार्गी लागल्यावर पॅड पुन्हा बघितले. मऊ पॅडची गती १४, पंख्याचीही १४, हा योग टाळायलाच हवा होता. पाती कितीही स्वच्छ असली तरी पुढच्या वर्षी धूळ बसणारच. वजनाखाली अडीच मिलिमीटर दबणारं पॅड घेतलं तर गती १० वर येते. कॉम्प्रेसरसाठी उत्तम, आणि पंखा १.४ पटीवर, म्हणजे निदान वाढत तरी नाही. आता रबर जाडीच्या दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त दाबून ठेवलं तर लवकर मरतं. अडीच मिलिमीटर दबायचं तर पॅड २० ते २५ मिलिमीटर जाड हवं. आठ मिलिमीटरच्या पॅडकडून हे काम होणार नाही, ते कितीही मऊ असो. पॅडला बाजूंनी फुगायला जागाही हवी.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. कॉम्प्रेसर आउटडोअरच्या एका बाजूला असतो. ३६ किलोंपैकी त्या बाजूच्या दोन पायांवर २४ आणि दुसऱ्या दोन पायांवर १२ किलो येऊ शकतात. चारही पॅड सारखे टाकले तर हलक्या बाजूचे निम्मेच दबतात, आउटडोअर तिरका बसतो आणि एक बाजू पुन्हा १४ च्या जवळ जाते. हलक्या बाजूचे पॅड सुरीने कापून निम्म्या आकाराचे केले की दोन्ही बाजू सारख्या दबतात. पश्चिमेकडच्या भिंतीवर ऊन थेट येत असेल तर साध्या रबराऐवजी ईपीडीएम किंवा निओप्रीन मागावं, ते उन्हात सावकाश कडक होतं.

पॅड असं मऊ केल्यावर तांब्याचा पाइप तपासावा लागतो. आउटडोअर आता थोडा हलणार, आणि पाइप भिंतीतल्या भोकाच्या कडेला टेकलेला असेल किंवा पहिला क्लॅम्प आउटडोअरला अगदी लागून असेल तर पॅडने अडवलेलं सगळं पाइपातून आत येतं. भोकात फोमची नळी, पहिला क्लॅम्प थोडा लांब, आणि मधे पाइपाला एक सैल वळण एवढं पुरतं.

इन्व्हर्टर एसीवाल्यांसाठी गणितात एक फरक आहे. त्यांचा कॉम्प्रेसर एका गतीने फिरत नाही. दुपारी तो ४८ च्या पुढे पळतो, आणि मध्यरात्री खोली गार झाली की सेकंदाला २० च्या आसपास उतरू शकतो. १४ गतीच्या पॅडवर ४८ सहज अडतो, २० मात्र जवळजवळ पूर्ण आत येतो. "दुपारी काही नाही, रात्री दोनला घुमतं" असं सांगणाऱ्या माणसाला भास होत नसतो. दहा गतीच्या पॅडवर त्याच २० चा तिसरा हिस्साच खाली जातो. तेव्हा इन्व्हर्टरची तक्रार तपासायला दुपारी आलेल्या एसीवाल्याला सेटिंग २८ वर ठेवून खोली गार होईपर्यंत थांबायला सांगा, कारण कॉम्प्रेसर मंद झाल्याशिवाय त्याला दोष दिसणारच नाही.